छतावरचा भाडेकरू रात्री बाहेर पडतो: फॉल्स सीलिंगमधील उदमांजर कसे ओळखावे आणि इजा न करता बाहेर कसे ठेवावे

बेळगाव शहराच्या जुन्या भागांत, खानापूर तालुक्यात किंवा निपाणी-चिकोडीकडच्या गावांत कौलारू घरे आतून नवी करून घेण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. वर मंगळुरी कौले तशीच ठेवतात आणि खाली जिप्सम बोर्डाचे किंवा पीव्हीसी पट्ट्यांचे फॉल्स सीलिंग मारून घेतात. घर नीटनेटके दिसते, कौलांतून पडणारी धूळ थांबते आणि उन्हाळ्यात थोडा गारवाही मिळतो. मात्र कौले आणि सीलिंग यांच्यामध्ये एक कोरडी, अंधारी, माणसाचा पाय कधीही न पडणारी पोकळी तयार होते. आढ्याखाली ती पाच फूट उंच असते आणि वळचणीला जेमतेम वीतभर उरते. एखाद्या रात्री त्या पोकळीतून कोणीतरी जड पावलांनी चालत गेल्याचा आवाज येतो, आणि घरातली माणसे अंथरुणात उठून बसतात.

तो आवाज बहुतेक वेळा उदमांजराचा असतो. लोक त्याला काढण्यासाठी जे उपाय करतात, त्यांतले बरेचसे चुकीच्या वेळी केलेले असतात. म्हणून या लेखात हे प्राणी केव्हा बाहेर पडतात आणि केव्हा परततात या प्रश्नाभोवतीच सगळी माहिती मांडली आहे.

हा प्राणी नेमका कोणता?

उदमांजर नावाने मांजर असले तरी मांजराच्या कुळातले नाही. अंगाने ते साधारण अर्धा मीटर लांब असते, शेपटी जवळजवळ तेवढीच लांब असते आणि वजन दोन ते पाच किलोपर्यंत भरते. रंग करडा, केस राठ, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या अस्पष्ट रांगा, आणि डोळ्यांभोवती कोणी काजळ फासावे तसा काळा पट्टा. काही ठिकाणी त्याला कांडेचोर म्हणतात. आपल्याकडे शेजारी कन्नड बोलणारे असतील तर ते ‘पुनुगु बेक्कु’ म्हणतील. हे नाव जवादी मांजरालाही लावले जाते, म्हणून एक खूण लक्षात ठेवावी. जवादी मांजराच्या शेपटीवर काळी-पांढरी वलये असतात आणि ते जमिनीवर वावरते. उदमांजराच्या शेपटीवर वलये नसतात, आणि झाडावर चढण्यात ते पटाईत असते. छतात राहायला येते ते हेच.

त्याचे खाणे मुख्यतः फळांचे आहे. उंबर, जांभूळ, पेरू, चिकू, पपई, आंबा असे जे पिकेल ते त्याला चालते, आणि त्याच्या जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी, एखाद्या वेळी कोंबडीचे पिल्लू. दिवसा ते झाडाच्या ढोलीत किंवा दाट फांद्यांत झोपते आणि अंधार पडल्यावर बाहेर पडते. जुनी झाडे तुटत जातात तशा ढोल्या कमी होतात. कौलांखालची पोकळी ही त्याच्या दृष्टीने उत्तम ढोलीच असते, आणि ती नेमकी चिकूच्या झाडाला लागून असते.

मुंगसाचा प्रश्न याहून वेगळा आहे. आपल्याकडचे करडे मुंगूस जमिनीवर राहणारे आहे. ते बिळात, बांधाच्या भेगांत, दगडांच्या राशीत राहते. उंच छतापर्यंत ते क्वचितच जाते. पण गोठ्याचे बुटके कौलारू छप्पर, जळण ठेवायचा माळा किंवा तळमजल्यावरच्या दुकानाचे सीलिंग त्याला आवाक्यात वाटते. मुंगूस दिवसा वावरते आणि रात्री झोपते, म्हणून त्याचे वेळापत्रक उदमांजराच्या बरोबर उलटे आहे. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

आवाज, डाग आणि वास

सगळ्यात आधी आवाजाच्या वेळेची नोंद ठेवावी. उंदराचा आवाज रात्रभर तुटक येतो. त्यात कुरतडणे असते आणि पळापळ हलक्या पायांची असते. खारीचा आवाज दिवसा येतो. वटवाघळे तिन्हीसांजेला चिरचिरतात आणि मग शांतता होते. उदमांजराचा आवाज मात्र अनवाणी चालणाऱ्या मुलासारखा एकेका पावलाचा येतो. संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान एकदा, म्हणजे बाहेर पडताना, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी पुन्हा एकदा, परतताना. मधले सहा-सात तास छत शांत असते. चार-पाच रात्री कागदावर वेळा लिहून काढल्या तर हा आकृतिबंध स्पष्ट दिसतो. आवाज सकाळी दहानंतर आणि दुपारी येत असेल, तर खार किंवा मुंगूस यांचा विचार करावा.

दुसरी खूण विष्ठेची. उदमांजर विष्ठा टाकण्यासाठी बहुधा ठरावीक जागा वापरते, त्या जागेला आपण येथे विष्ठास्थान म्हणू. कधी ते कौलांवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर उघड्यावर असते, तर कधी सीलिंगच्याच एका कोपऱ्यात. त्यात काय आहे हे पाहिले की ओळखीचा प्रश्न उरत नाही. मला दाखवण्यात आलेल्या एका लेंडीत चिकूच्या सात-आठ काळ्या, चकचकीत, चपट्या बिया जशाच्या तशा होत्या, जणू कोणी धुऊन, पुसून ठेवल्या असाव्यात. उदमांजर फळाचा गर पचवते आणि बिया अखंड बाहेर टाकते. मुंगसाच्या विष्ठेत मात्र केस, किड्यांची कवचे, सरड्या-पालींची हाडे अशी मांसाहाराची चिन्हे असतात.

तिसरी खूण वासाची आहे, आणि तिच्याबाबत लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण एकाच छतातून तीन निरनिराळे वास येऊ शकतात. पहिला वास नाकाला सुखद वाटेल असा असतो. उदमांजराच्या शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि त्यांतला स्राव ते आपल्या वाटेवर घासत जाते. अनेकांना हा वास सुवासिक भात शिजत असल्यासारखा वाटतो. बेळगाव बासमती ज्यांच्या घरी शिजतो त्यांनी रात्री अकरा वाजता ‘या वेळी कोणाकडे भात लावला आहे?’ असे विचारले, तर त्यात नवल नाही. दुसरा वास लघवीचा. तो उग्र, डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा असतो, आणि त्याच्या जोडीला जिप्सम बोर्डावर कडेने गडद व मध्ये फिकट असे पिवळसर तपकिरी डाग उमटतात. पावसाच्या गळतीचा डागही असाच दिसतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये गळती कशी होईल, एवढा विचार पुरेसा असतो. तिसरा वास कुजण्याचा. तो एकाएकी सुरू होतो, दोन-तीन दिवसांत असह्य होतो आणि त्याच्याबरोबर खोलीत निळसर-हिरव्या मोठ्या माश्या दिसू लागतात. तो जिवंत प्राण्याचा वास नव्हे. आत काहीतरी मेले आहे, आणि ते बहुधा विष खाल्लेला उंदीर असते.

पकडून खानापूरच्या जंगलात का सोडू नये?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. जंगल जवळ आहे, जांबोटी-कणकुंबीकडे दाट झाडी आहे, मग पिंजऱ्यात केळे ठेवावे आणि पकडून तिकडे नेऊन सोडावे, यात वाईट काय?

पहिली अडचण कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण उदमांजर आणि मुंगूस या दोघांनाही आहे. त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणे एवढाच नाही. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाकणे आणि विष घालणे हे सगळे त्यात येते, आणि यांपैकी काही करण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. त्यामुळे स्वतः पिंजरा लावणारा गृहस्थ आपण भूतदया करीत आहोत असे समजत असला, तरी कायद्याच्या भाषेत तो शिकार करीत असतो. पकडण्याची खरोखर गरज पडली तर ते काम वनखात्याचे आहे. कर्नाटकात त्यासाठी आपल्या भागाच्या वलय अरण्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला आरएफओ ऑफिस म्हणतात तेथे, कळवावे लागते.

दुसरी अडचण प्राण्याच्या बाजूची. उदमांजराला आपल्या टापूतील प्रत्येक फळझाड, प्रत्येक फांदी आणि तीन-चार पर्यायी निवारे ठाऊक असतात. त्याला अनोळखी जंगलात नेऊन सोडणे म्हणजे निपाणीच्या माणसाला मध्यरात्री डोळे बांधून परगावी उतरवण्यासारखे आहे. पिण्याचे पाणी कोठे, शत्रू कोठे, झोपायचे कोठे, याची त्याला काहीच कल्पना नसते, आणि ती जागा आधीच दुसऱ्या उदमांजराची असू शकते. पकडलेली मादी असेल तर तिची पिल्ले आपल्या छतातच उपाशी मरतात. आणि एवढे करून फट उघडीच राहिली, तर चिकूच्या झाडावर येणारे पुढचे उदमांजर त्याच फटीतून आत येते.

मग ते आपणहून जाईल कसे?

उदमांजराकडे एकच घर नसते. आज येथे, परवा पलीकडच्या गोदामात, पुढच्या आठवड्यात आंब्याच्या फांदीवर, असे ते निवारे बदलत असते. आपल्या छताचा दरवाजा बंद झाला तर ते बेघर होत नाही, दुसऱ्या निवाऱ्याला जाते. म्हणून त्याला घालवण्याची गरज नसते. ते स्वतः बाहेर पडेपर्यंत थांबायचे आणि परतण्याआधी दार लावून घ्यायचे, एवढेच करायचे असते. यात प्राण्याला हात लागत नाही, हाकावे लागत नाही, आमिष लागत नाही.

ऐकायला हे सोपे आहे, पण त्यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे दिवसा फट बुजवणे, आणि दुसरे म्हणजे पिल्ले आहेत की नाहीत हे न पाहता बुजवणे. टिळकवाडीतल्या माझ्या आत्याच्या घरी यांतली पहिली चूक झाली आणि दुसरी थोडक्यात टळली, म्हणून तो प्रसंग तपशिलाने सांगतो.

एका घराची चार महिन्यांची गोष्ट

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आत्याच्या हॉलच्या छतात आवाज सुरू झाले. आठवडाभराने पंख्याच्या बाजूला डाग उमटला. मागच्या बाजूला बाथरूमच्या भिंतीवर, भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये सुमारे सहा इंच उंच आणि आठ इंच रुंद फट होती, आणि चिकूची एक फांदी थेट तिच्यापर्यंत आली होती. मेस्त्री सकाळी आले, त्यांनी दुपारी दोन वाजता ती फट विटा व सिमेंट घालून बंद केली आणि ‘झालं काम’ म्हणून ते गेले.

दुपारी दोन वाजता उदमांजर आत गाढ झोपलेले असते. त्या रात्री साडेआठच्या सुमारास छतात जो गोंधळ सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. ओरखडणे, धडका, एका पीव्हीसी पट्टीचे टोक खाली लोंबू लागलेले. अखेर त्याने आढ्याजवळची दोन कौले सरकवून वाट काढली, म्हणून निभावले. सीलिंग काँक्रीटच्या स्लॅबखाली असते, तर ते आतच मेले असते किंवा बोर्ड फोडून हॉलमध्ये पडले असते. आत्याने सकाळी फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “अरे, आम्ही तर दार लावलो की, मग हे आत कसं?” दार लावले होते हे खरे, पण भाडेकरू घरात असताना. दोन दिवसांनी ते सरकलेल्या कौलांतून परत आले. बुजवलेली फट मग पुन्हा मोकळी करून घेतली आणि कौले नीट बसवली, कारण वाट आपल्याला हवी तेथे एकच असणे सोयीचे असते.

आता पुन्हा बंद करण्याआधी पिल्लांची खात्री करायची होती. संध्याकाळी मादी बाहेर गेल्यावर सीलिंगच्या तपासणीच्या झाकणाजवळ जुना मोबाइल ध्वनिमुद्रण चालू करून ठेवला. पहिल्या आठवड्यात काही मिळाले नाही, पण मादीचे येणे-जाणे चालूच असल्याने घाई केली नाही. 4 मार्चच्या रात्रीच्या मुद्रणात मांजराच्या पिल्लांपेक्षा बारीक, चिमणीसारखा चिवचिवाट ऐकू आला.

उदमांजराचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असतो आणि एका वेळी साधारण दोन ते पाच पिल्ले होतात. त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात आणि दूध सुटायला दोन महिने लागतात. म्हणजे मार्चच्या आरंभी जन्मलेली पिल्ले मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आईवर अवलंबून राहणार. आपल्याकडे पाऊस जूनच्या आरंभी येतो, त्याच्या आत कौलांचे काम उरकायचे होते. हाताशी जेमतेम तीन आठवडे उरत होते. मधल्या काळात आत्याने हॉलमध्ये झोपणे सोडले, डागाखालचा सोफा हलवला, आणि पंख्याजवळचा भिजलेला बोर्ड झुकू लागल्यावर त्याला खालून लाकडी टेकू दिला. जिप्सम बोर्ड ओला झाला की ताकद गमावतो, आणि धोका प्राण्याच्या तीन किलो वजनापेक्षा त्या ओल्या बोर्डाचा अधिक असतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात छतात रात्री धावपळ आणि लोळणफुगड्या ऐकू येऊ लागल्या. 18 मेच्या संध्याकाळी मागच्या अंगणात दिवा मालवून आम्ही खुर्च्या टाकून बसलो. आठ वाजून दहा मिनिटांनी फटीतून आधी लांब मिशांचे तोंड दिसले, मग मादी फांदीवर उतरली, आणि तिच्यामागे एकामागून एक तीन पिल्ले फांदीला पोट चिकटवून निघाली. आत काही उरले आहे का, हे त्याच रात्री मुद्रणावरून तपासले. सारे शांत होते. पुढच्या दोन रात्रीही तेच.

एकमार्गी दार कसे केले

एकमार्गी दार म्हणजे बाहेर जाताना ढकलले की उघडणारी आणि बाहेरून ओढून न उघडणारी झडप. आत्याकडे ती अर्ध्या इंची वेल्डमेश जाळीची केली. फटीपेक्षा प्रत्येक बाजूला दोन इंच मोठा तुकडा कापला, टोकदार तारा आतल्या बाजूला वळवल्या, आणि वरच्या कडेला दोन बाइंडिंग तारेच्या सैल कड्यांनी तो वाशाला टांगला. जाळी फटीपेक्षा मोठी असल्याने ती आत झुकू शकत नाही, भिंतीला अडते. बाहेर मात्र सहज उचलली जाते. उदमांजराचे पंजे चांगलेच कामसू असतात, म्हणून जाळीचा खालचा काठ भिंतीला घट्ट लागून बसला पाहिजे. नख घालायला जागा राहिली तर ते झडप उचलून परत आत जाते.

20 मेला झडप टांगली पण वर बांधून ठेवली, कारण नवी वस्तू पाहून मादी त्या रात्री बाहेर पडलीच नसती तर हिशेब चुकला असता. झडपेच्या आत आणि बाहेर पत्र्याच्या ताटल्यांत चुलीची चाळलेली राख पसरली. राखेत ठसे वाचता येतात. मांजराच्या पायाचे चार बोटांचे ठसे उमटतात, उदमांजराचे पाच बोटांचे. 21 मेच्या सकाळी दोन्ही ताटल्यांत पाच बोटांचे ठसे जाताना-येताना दोन्ही दिशांनी होते. 22 मेच्या संध्याकाळी सगळी बाहेर पडल्यावर झडप सोडली. 23 ला सकाळी बाहेरच्या राखेत ठशांची गर्दी होती आणि जाळीवर करडे केस अडकले होते. आतली राख पुसून नव्याने पसरली होती, तिच्यावर रेघही नव्हती.

तरीही लगेच कायमचे बंद केले नाही. पुढच्या तीन रात्री आतली राख कोरी राहते का आणि मुद्रण शांत आहे का, हे पाहिले. एखादे पिल्लू मागे राहिले असते, तर याच तीन रात्रींत ते ऐकू आले असते आणि झडप पुन्हा वर बांधावी लागली असती. 26 मेला झडपेच्या जागी तीच जाळी चौकट करून पक्की ठोकली, आढ्याचे कोनाकौल सिमेंटने बसवले, आणि वळचणीच्या ज्या फटींत मूठ शिरत होती त्या सगळ्यांना जाळी लावली. चिकूची फांदी छपरापासून आठ फुटांपर्यंत मागे छाटली. झाडाखाली पडलेले चिकू रोज संध्याकाळी उचलायला आत्याने सुरुवात केली.

मुंगसासाठी हीच कृती घड्याळ उलटे धरून करावी. झडप सकाळी, ऊन चढल्यावर, ते भक्ष्याला बाहेर पडले की सोडावी. उदमांजराच्या सवयीने रात्री फट बंद केली, तर झोपलेले मुंगूस आत कोंडले जाते. लहानपणी ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ’ म्हणून आपण त्याला दिवसाढवळ्या हाका मारत होतो, तेवढे लक्षात ठेवले तरी वेळ चुकणार नाही.

डांबरगोळ्या, फिनेल, मिरचीचा धूर?

डांबरगोळ्या आणि फिनेल यांचा वास प्राण्यापेक्षा आधी खालच्या खोलीत उतरतो, आणि पोकळी मोठी व हवेशीर असल्याने प्राण्यासाठी तो काही तासांत विरळ होतो. मिरचीच्या धुराने मादी बाहेर पळेल आणि पिल्ले गुदमरतील, शिवाय कोरड्या लाकडांखाली जाळ करणे ही आगीची आमंत्रणपत्रिका आहे. छतात रात्रभर दिवा व रेडिओ लावून ठेवल्याने काही मादी पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या निवाऱ्याला नेतात असा अनुभव सांगितला जातो. माझ्या मते त्यावर विसंबू नये, कारण प्राणी दोन-चार दिवसांत आवाजाला सरावतो आणि मग आपलीच झोप जाते. उंदरांसाठी विष ठेवण्याची सवय असेल तर या काळात ती थांबवावी. विष खाल्लेला उंदीर उदमांजराने खाल्ला, तर दोघेही सीलिंगमध्ये मरू शकतात, आणि मग तो तिसरा वास सुरू होतो.

रोगराईची भीती कितपत खरी?

2003 च्या सुमारास चीनमध्ये सार्सच्या साथीत सिव्हेट हे नाव वर्तमानपत्रांत आले, ते अनेकांच्या लक्षात आहे. तो प्राणी याच कुळातला पण वेगळ्या जातीचा होता, आणि प्रश्न जिवंत प्राण्यांच्या बाजारातला होता. छतातल्या उदमांजरापासून सार्स होईल असे मानण्याचे कारण नाही. रेबीजची काळजी मात्र घ्यावी, कारण कोणताही सस्तन प्राणी चावल्यास ती शक्यता धरूनच वागावे लागते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. उदमांजर माणसावर चालून येत नाही. चावे बसतात ते त्याला कोंडून धरायला गेलेल्यांना.

प्रत्यक्ष त्रास होतो तो सफाईच्या वेळी. आधी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करावी, कारण वायरी त्याच पोकळीतून गेलेल्या असतात. झाकणे उघडून काही तास हवा खेळू द्यावी. मास्क, रबरी हातमोजे आणि जुने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, साबणाच्या पाण्याने भिजवून खरवडावी, म्हणजे धूळ उडत नाही. येथे एक चूक धोक्याची आहे. लघवी मुरलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतू नये, कारण अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की श्वासाला घातक वायू तयार होतो. आधी साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन पुसून घ्यावे, आणि मगच जंतुनाशक वापरावे. पीव्हीसी पट्ट्या अशा धुऊन निघतात. जिप्सम बोर्डात मुरलेली लघवी मात्र निघत नाही, आणि पावसाळी दमट हवेत तोच वास पुन्हा येतो, म्हणून तो तुकडा कापून बदलावा. प्राणी गेल्यावर त्याच्या अंगावरच्या पिसवा नवा आश्रय शोधतात, त्यामुळे घरात कुत्रे-मांजर असेल तर त्याच आठवड्यात त्यांचीही तपासणी करावी.

आत्याकडे एक बोर्ड आणि दोन पट्ट्या बदलाव्या लागल्या. जूनमधल्या पहिल्या जोराच्या पावसात आढे गळले नाही. चिकूखाली अजून कधीमधी काळ्या बियांची लेंडी सापडते, पण ती छतात नसते, मागच्या कुंपणाच्या भिंतीवर असते.